या चुका टाळा: वरची टाकी न मोजता तिची पातळी ओळखताना

वरुडकडच्या एका संत्र्याच्या बगीच्यात रोपवाटिकेसाठी दोन सिमेंटच्या टाक्या आहेत. विहिरीचं पाणी आधी वरच्या टाकीत पडतं, तिथे गाळ बसतो. मग ते पाइपातून खालच्या टाकीत मोकळं पडतं आणि तिथून ठिबकला जातं. दोन्ही टाक्यांचा तळ १ चौरस मीटर. रोज चालतं ते प्रमाण मिनिटाला ३० लिटरचं. त्या वेळी वरच्या टाकीत १५ सेंमी आणि खालच्या टाकीत ३० सेंमी पाणी असतं. खालची पातळी हलली की ठिबकचा दाब हलतो, म्हणून ती ३० वर धरायची होती.

या घरचा मुलगा माझा विद्यार्थी. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्याने इथेच केला. मोटरला ड्राइव्ह लावली, खालच्या टाकीवर एक अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला आणि वरच्या टाकीची पातळी ल्युएनबर्गर ऑब्झर्व्हरने काढली. डेव्हिड ल्युएनबर्गर यांनी ही रचना १९६४ मध्ये मांडली. तिची कल्पना साधी आहे: खऱ्या टाक्यांशेजारी कागदावरच्या टाक्या चालवायच्या आणि मोजलेल्या पातळीत फरक दिसला की त्या फरकाने कागदावरच्या टाक्या ओढून घ्यायच्या.

नेहमीच्या पातळीपासून किती वरखाली, हे सेंमीमध्ये आणि वेळ मिनिटात धरला तर मॉडेल असं येतं:

```
x1' = -0.1 x1 + 0.1 u
x2' =  0.1 x1 - 0.05 x2
y   =  x2
```

इथे `x1` हा वरच्या टाकीचा फरक, `x2` खालच्या टाकीचा, `y` सेन्सरने मोजलेला आणि `u` म्हणजे ३० लिटरपेक्षा जास्त किंवा कमी सोडलेला प्रवाह. या समीकरणांतल्या आकड्यांचे मॅट्रिक्स म्हणजे `A`, `B` आणि `C`. ही ३०, १५ आणि ३० ची वजाबाकी कोडमध्ये विसरली, की पुढचं सगळं गणित वाया जातं. ही चूक मी दरवर्षी पाहते.

सेन्सर कोणत्या टाकीवर लावायचा हे आधी ठरवा, कारण मोजलेल्या फरकाने अंदाज किती ओढायचा हे ठरवणारा `L` नंतर कितीही बदलला तरी ते सुधारत नाही. सेन्सर खालच्या टाकीवर असेल तर तिच्या चढउतारावरून वर किती पाणी आहे ते कळतं. तोच वरच्या टाकीवर लावला तर खालची कळत नाही, कारण खालच्या टाकीचा वरच्या टाकीवर काहीच परिणाम होत नाही. `C` आणि `CA` एकाखाली एक लिहिले की दुसरा स्तंभ पूर्ण शून्य दिसतो. खालचा अंदाज तरी हळूहळू खऱ्याकडे येईल, पण टाकीच्या स्वतःच्या २० मिनिटांच्या चालीने. ती चाल आपल्याला वाढवता येत नाही.

आता पोल, म्हणजे फरक किती वेगाने विरेल ते ठरवणारे आकडे; जितके जास्त उणे, तितका वेग जास्त. मुलाने पहिल्यांदा फीडबॅकचे पोल -१ आणि -१.२ ला ठेवले. मोटरला द्यायचा प्रवाह `u = -K x̂`, इथे `x̂` हा ऑब्झर्व्हरचा अंदाज; त्यातलं `K = [20.5, 109.25]` त्याला मिळालं. म्हणजे खालची पातळी १० सेंमी उतरली, की कंट्रोलर मिनिटाला जवळपास १०९० लिटर जादा मागणार, आणि त्याची मोटर जास्तीत जास्त ६० देते. कॉम्प्युटरवर आलेख सुंदर येतो, वावरात मोटर नुसती पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होत राहते. पोल ठरवण्याआधी सगळ्यात मोठ्या अपेक्षित फरकाला `K` ने गुणून पाहा. पोल -०.१५ आणि -०.२ ला घेतले तर `K = [2, 1.5]` येतं आणि त्याच १० सेंमीला १५ लिटर लागतात. हे मोटरला झेपतं.

ऑब्झर्व्हर फीडबॅकपेक्षा तीन-चार पट वेगवान ठेवायचा, म्हणून -०.६ आणि -०.८. त्यातून `L = [3.5, 1.25]`. दहापट जास्त वेगाचा, म्हणजे -६ आणि -८ चा, हट्ट धरला तर पहिला आकडा ४६६ होतो. दर ५ सेकंदांनी वाचन घेत असाल आणि पाण्यावरच्या तरंगाने सेन्सर १ सेंमी चुकला, तर वरच्या टाकीचा अंदाज एका झटक्यात ३९ सेंमी उडतो. `3.5` असताना तोच झटका ०.३ सेंमीचा असतो.

`L` काढताना ट्रान्सपोज दोनदा लागतो, जाताना आणि येताना:

```python
from scipy.signal import place_poles
K = place_poles(A, B, [-0.15, -0.2]).gain_matrix
L = place_poles(A.T, C.T, [-0.6, -0.8]).gain_matrix.T
```

इतकं सगळं बरोबर करूनही खालची पातळी २५ सेंमीच्या आसपास अडकली. मुलगा पुन्हा `K` वाढवायला निघाला. मी त्याला काठी घेऊन वरची टाकी मोजायला सांगितलं. ऑब्झर्व्हर म्हणत होता १५, काठीवर पाणी साडेबाराच्याही खाली होतं. तेवढ्यात त्याचे मोठे बाबा विहिरीकडून आले आणि म्हणाले, "बापू, मोटर कण्हून राह्यली. होल्टेज नाही, पानी कायचं येते!"

खरी चूक तिथे होती. ऑब्झर्व्हरला आपण मागितलेला प्रवाह दिला जात होता, खरा पडणारा नाही. समजा मोटर मागणीपेक्षा १० लिटर कमी देते. मग ऑब्झर्व्हर स्थिरावतो तेव्हा वरच्या टाकीत त्याची चूक २.७ सेंमी असते आणि खालच्या टाकीत फक्त ०.२ सेंमी. जी पातळी आपण मोजतो तिथे चूक जवळपास दिसतच नाही, आणि जी मोजत नाही तिथे ती तेरापट मोठी असते. पातळी ५.२ सेंमी खाली अडकते ती अशाने. वरची टाकी खरी कळली असती तर हाच फरक ३.३ सेंमी राहिला असता.

हे ओळखायचं कसं? `y - C x̂` हा फरक साठवून ठेवा आणि दहा मिनिटांची सरासरी घ्या. तरंगामुळे येणारा फरक शून्याच्या दोन्ही बाजूंना फिरतो आणि सरासरीत विरतो. प्रवाह कमी पडत असेल तर सरासरी एकाच बाजूला टिकून राहते. एकेका वाचनाकडे पाहून हे कधीच दिसणार नाही.

अर्धी दुरुस्ती फुकट आहे: मोटरची मर्यादा लावल्यानंतरचा `u` ऑब्झर्व्हरला द्या.

```python
u = min(max(u_cmd, -30), 30)
xh = xh + dt*(A@xh + B*u + L*(y - C@xh))
```

पण होल्टेज उतरणं किंवा विहिरीतलं पाणी खाली जाणं या ओळीत येत नाही. लाइन गेली आणि कंट्रोलर बॅटरीवर चालू राहिला, तर त्यालाही ही ओळ पुरत नाही; तेव्हा मोटर बंद असल्याची खूण वेगळी घेऊन `u = -30` द्यावं लागतं. प्रवाहमापक असेल तर त्याचं वाचनच `u` म्हणून वापरा. नसेल तर न आलेल्या प्रवाहालाच तिसरी स्टेट करा: `d' = 0`, आणि पहिल्या समीकरणात `0.1 d` मिळवा. खालच्या एकाच सेन्सरवरून तिन्ही ओळखता येतात. पोल -०.५, -०.६ आणि -०.८ घेतले तर `L = [10, 1.75, 24]` येतं. मग `u = -K x̂ - d̂` द्यायचं.

याची किंमत समोर आहे: पहिला आकडा ३.५ वरून १० झाला, म्हणजे सेन्सरचा थरथराट वरच्या अंदाजात जवळपास तिप्पट शिरतो. आम्ही सेन्सरखाली एक उभा पाइप रोवला. त्याला तळाशी भोकं पाडली, त्यामुळे आतलं पाणी तरंगत नाही. त्यानंतर पातळी ३० वर बसली. त्या दिवशी कंट्रोलर मिनिटाला ४० लिटर मागत होता आणि मोटर ३० देत होती.