ऋतू बदलताना फ्रीजचे नॉब कसे लावावेत: तयारीची यादी

उन्हाळ्यात आकडा वाढवायचा, थंडीत कमी करायचा, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. एकदारी फ्रीजला ते बरोबर लागू पडतं. पण वर फ्रीझर, खाली फ्रीज आणि आत बर्फ न साचणारा पंख्याचा दोनदारी फ्रीज असेल, तर थंडीत नुसता आकडा कमी केल्याने फ्रीझरमधलं आइस्क्रीम मऊ पडतं. मग गॅस गळला असेल असं वाटून मेकॅनिकला बोलावलं जातं, आणि बिघाड काहीच नसतो. ही यादी मुख्यतः अशा दोनदारी फ्रीजसाठी आहे. पॅनेलवर फ्रीज आणि फ्रीझर यांचे अंश वेगवेगळे दाखवणारं आणि दोन्हींचं तापमान स्वतंत्रपणे सांभाळणारं मॉडेल असेल, तर ४ आणि उणे १८ एकदा लावून ठेवा. ऋतूप्रमाणे ते सहसा हलवावं लागत नाही.

सगळ्यात आधी दोन साधे थर्मामीटर जवळ ठेवा, फ्रीजमध्ये चालणारे, उणे ३० पर्यंत दाखवणारे. नॉबवरचे १ ते ७ हे आकडे म्हणजे अंश नव्हेत. ती फक्त पायरी आहे, मोठा आकडा म्हणजे जास्त थंड. एका फ्रीजचा ४ आणि दुसऱ्याचा ४ यांत काही नातं नसतं, त्यामुळे शेजाऱ्याला विचारून आकडा लावण्यात अर्थ नाही. एक थर्मामीटर पाण्याने भरलेल्या ग्लासात बुडवून फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवायचा. नुसता हवेत ठेवला तर दार उघडताच पारा वर जातो आणि आपण उगाच घाबरतो. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, त्यामुळे अन्नाचं खरं तापमान तेच सांगतं. दुसरा थर्मामीटर फ्रीझरमध्ये, पूर्ण गोठलेल्या दोन पाकिटांच्या मध्ये दाबून ठेवा. रात्रभर राहू द्या आणि सकाळी दार पहिल्यांदा उघडताक्षणी दोन्ही आकडे वाचा. ग्लासात ३ ते ४ अंश सेल्सिअस आणि फ्रीझरमध्ये उणे १८ च्या आसपास हवं. ग्लास ५ च्या वर गेला तर अन्न टिकण्याची खात्री उरत नाही, आणि १ च्या खाली गेला तर पालेभाजी मागच्या भिंतीपाशी गोठून काळी पडायला लागते.

पुढचं काम म्हणजे तुमच्या फ्रीजमध्ये कुठला नॉब काय करतो ते ओळखणं. यावर बाकी सगळं अवलंबून आहे, म्हणून घाई करू नका. दोनदारी फ्रीजमध्ये बहुधा दोन नॉब असतात, पण थर्मोस्टॅट एकच असतो. तो बहुतेक मॉडेलांत खालच्या कप्प्यातलं तापमान बघतो आणि त्यावरून कॉम्प्रेसर चालू-बंद करतो. दुसरा नॉब, ज्यावर बहुधा ‘फ्रीझर’ लिहिलेलं असतं, तो कॉम्प्रेसरला हातही लावत नाही. थंड हवा तयार होते वर, फ्रीझरच्या मागे. तिथून एका झडपेतून ती खाली येते. हा नॉब ती झडप उघडतो किंवा मिटतो. तो ‘जास्त थंड’कडे फिरवला की झडप मिटते, हवा वरच राहते, आणि खालच्या कप्प्याला कमी मिळते. काही मॉडेलांत हे उलट असतं: थर्मोस्टॅट फ्रीझरमधला आणि झडप फ्रीजमधली. तपासायची रीत सोपी आहे. कॉम्प्रेसर चालू असताना एक नॉब शून्यावर किंवा ‘बंद’वर न्या. बारीक टक् आवाज होऊन कॉम्प्रेसर थांबला, तर तो थर्मोस्टॅट. झडपेच्या नॉबने कॉम्प्रेसर थांबत नाही. थांबवल्यावर निदान पाच मिनिटं तरी पुन्हा चालू करू नका. आतल्या वायूचा दाब बरोबरीला यायला तेवढा वेळ लागतो, आणि त्याआधी चालू केला तर कॉम्प्रेसरवर ताण येतो.

आता थंडीत नेमकं काय होतं ते बघू, म्हणजे नॉब कुठे वळवायचा हे पाठ करावं लागणार नाही. बाहेरची उष्णता आत शिरते ती खोली आणि कप्पा यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. उन्हाळ्यात खोली ३५ अंशांवर आहे असं धरा. फ्रीज ४ वर, म्हणजे फरक ३१. फ्रीझर उणे १८ वर, म्हणजे फरक ५३. थंडीत खोली १८ वर आली की फ्रीजचा फरक उरतो १४, म्हणजे आधीच्या निम्म्याहून कमी. फ्रीझरचा फरक मात्र ३६ राहतो, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश. फ्रीजची थंडीची गरज झपाट्याने घटली, फ्रीझरची तेवढी घटली नाही. थर्मोस्टॅट बसलाय खाली. त्याला लगेच गारवा मिळतो आणि तो कॉम्प्रेसर बंद करून टाकतो. फ्रीझर तसाच उपाशी राहतो. त्यात आपण ‘थंडी आहे’ म्हणून थर्मोस्टॅटचा आकडाही खाली आणला, तर कॉम्प्रेसर आणखी कमी चालतो आणि फ्रीझरचे हाल आणखी वाढतात.

माझ्या घरच्या फ्रीजमध्ये हेच झालं होतं. थर्मोस्टॅट १ ते ७, झडपेचा नॉब १ ते ५, त्यात ५ म्हणजे फ्रीझर सर्वांत थंड. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट ४ वर आणि झडप ३ वर होती. खोली १८ अंशांवर उतरल्यावर सवयीप्रमाणे थर्मोस्टॅट २ वर आणला. दुसऱ्या सकाळी ग्लासात ५, फ्रीझरमध्ये उणे ९. आइस्क्रीमच्या डब्यात चमचा दाबावाही न लागता उतरत होता, आणि बर्फाच्या साच्यातले खडे एकमेकांना चिकटले होते. मग थर्मोस्टॅट परत ४ वर नेला, झडपेला हात लावला नाही. चोवीस तासांनी ग्लास ३ वर, फ्रीझर उणे १२ वर. म्हणजे फ्रीज ठीक, फ्रीझर अजून मागे. आता थर्मोस्टॅट तसाच ठेवून झडप ३ वरून ४ वर. खाली येणारी हवा कमी झाली, म्हणून फ्रीजला ४ गाठायला जास्त वेळ लागू लागला, कॉम्प्रेसर जास्त वेळ चालला, आणि तो सगळा वेळ फ्रीझरच्या पदरात पडला. तिसऱ्या सकाळी ग्लास ४, फ्रीझर उणे १५. झडप ५ वर नेली तेव्हा चौथ्या सकाळी ग्लास ४, फ्रीझर उणे १८. चमचा ठणकन आपटला. त्या आवाजाने जो दिलासा मिळाला तो अजून आठवतो.

तेव्हा थंडीची तयारी अशी: थर्मोस्टॅट होता तिथेच ठेवा, झडप फ्रीझरच्या बाजूने एक पायरी वळवा, चोवीस तास थांबा, वाचा, आणि गरज असेल तरच पुढची पायरी. एका वेळी एकच नॉब, एकच पायरी. दोन्ही एकदम फिरवले तर कशामुळे काय बदललं ते कळायला मार्ग राहत नाही. झडप शेवटच्या पायरीवर नेऊनही ग्लास ३ च्या खाली आणि फ्रीझर अजून मऊ असेल, तर मात्र दोष बहुधा नॉबच्या जागेचा नाही. झडप अडकलेली असू शकते, आणि मेकॅनिकला हेच आकडे दाखवा.

एका मर्यादेकडे आधीच लक्ष द्या. फ्रीजच्या आतल्या लेबलवर ‘क्लायमेट क्लास’ लिहिलेला असतो. एसएन म्हणजे १० ते ३२ अंशांच्या खोलीसाठी, एन म्हणजे १६ ते ३२, एसटी म्हणजे १६ ते ३८, टी म्हणजे १६ ते ४३. खोली यातल्या लहान आकड्याच्या खाली गेली, तर फ्रीझर उणे १८ वर राहीलच असं नाही, नॉब कितीही फिरवा. मोकळ्या व्हरांड्यात ठेवलेल्या फ्रीजचं थंडीत बऱ्याचदा असं होतं. तिथे उपाय एकच, फ्रीज घरात आणणं.

उन्हाळ्याची तयारी याच्या उलट दिशेने चालते. खालचा कप्पा आता जास्त उष्णता ओढतो, म्हणून झडप फ्रीझरच्या कडेला मिटलेली असेल तर ती आधी मधोमध आणा. थंडीत लावलेली ५ ची झडप उन्हाळ्यात तशीच राहिली, तर फ्रीझर दगडासारखा आणि दूध नासलेलं असं चित्र दिसतं. लोक तेव्हा थर्मोस्टॅट ७ वर नेतात. मग कॉम्प्रेसर दिवसरात्र थांबत नाही, वीज वाढते, आणि खाली तरी हवा पोचतेच असं नाही. झडप मोकळी केल्यावर ग्लास ४ च्या वर असेल तर थर्मोस्टॅट एक पायरी वर. भर दुपारी कॉम्प्रेसर सलग बराच वेळ चालणं ठीक आहे. पहाटे, दार न उघडता, तो अधूनमधून थांबतो का हे कान देऊन ऐका. पहाटेही थांबत नसेल तर आकडा आणखी वाढवू नका, कारण दुसरीकडे शोधा. दाराच्या रबरी पट्टीत कागदाची पट्टी अडकवून ओढा. सहज निघाली तर पट्टी सैल. फ्रीजच्या मागच्या काळ्या जाळीवर धूळ बसली असेल तर प्लग काढून मऊ ब्रशने झाडा. मागे आणि बाजूला हवा खेळेल इतकी मोकळीक ठेवा. आत, हवा येण्याच्या खिडकीसमोर भांडं टेकवलेलं नाही हेही बघा, कारण त्यामुळे थर्मोस्टॅटला भलतंच तापमान कळतं.

एकदारी फ्रीजवाल्यांनी वरचं सगळं विसरून थोडंच करायचं आहे. तिथे थर्मोस्टॅट बर्फाच्या कप्प्याच्या पत्र्याला चिकटलेला असतो आणि खालचं तापमान तो बघतच नाही. खोली तापली की खालचा भाग पत्र्यापेक्षा बराच गरम राहतो, म्हणून उन्हाळ्यात पत्रा जास्त थंड हवा, आकडा एक-दोन पायऱ्या वर. थंडीत तोच आकडा राहिला तर भाज्या गोठतात, म्हणून तो परत खाली. बर्फाचा थर बोटाच्या जाडीचा होऊ देऊ नका. अर्धा सेंटिमीटर झाला की डीफ्रॉस्ट करा, मगच नॉबला हात लावा. बर्फ स्वतःच पत्र्यावरचं पांघरूण बनतो आणि आकडा वाढवून उपयोग होत नाही.

कधी बदलायचं हे कॅलेंडर बघून ठरवू नका. फ्रीज जिथे उभा आहे त्या भिंतीजवळ एक थर्मामीटर टांगा. पहाटेचं तापमान सलग आठवडाभर २० च्या खाली राहिलं की थंडीची पायरी, दुपारचं सलग ३० च्या वर राहिलं की उन्हाळ्याची. ही सीमा माझ्या अनुभवाची आहे, तुमच्या ग्लासातला आकडा वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका. आणि बसलेले नंबर कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा: खोली, थर्मोस्टॅट, झडप, ग्लास, फ्रीझर, तारीख. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा झडप परत ३ वर आणायची आहे, तेही त्याच कागदावर खाली लिहा.