कॅस्पेज-८ चा बँड दिसला की लगेच ‘बाहेरचा मार्ग’ लिहू नका

जुरकॅट पेशींना २४ तास एटोपोसाइड दिलं आणि अपॉप्टोसिस, म्हणजे पेशींचा आत्मघात, घडवणारी कॅस्पेज ही प्रथिनं तोडणारी विकरं तपासली. ब्लॉटवर कॅस्पेज-९ तुटलेला, कॅस्पेज-३ तुटलेला आणि कॅस्पेज-८ चा ५५ किलोडाल्टनचा बँड फिका होऊन ४३ आणि १८ ला नवे बँड. निष्कर्ष काय लिहिला जातो? ‘औषधाने आतला व बाहेरचा असे दोन्ही मार्ग सुरू झाले.’ हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलंय की आता आधी तेच शोधतो. आतला मार्ग म्हणजे मायटोकॉन्ड्रियातून जाणारा, बाहेरचा म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या फाससारख्या ग्राहकापासून सुरू होणारा.

एटोपोसाइड डीएनए तोडतं. त्या इजेमुळे बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात. सायटोक्रोम सी बाहेर येतं, अपाफ-१ ला चिकटतं, त्यातून अपॉप्टोसोम तयार होतो आणि कॅस्पेज-९ जागा होतो. तो कॅस्पेज-३ तोडतो, कॅस्पेज-३ पुढे कॅस्पेज-६ ला आणि कॅस्पेज-६ शेवटी कॅस्पेज-८ ला. म्हणजे इथे कॅस्पेज-८ वरातीच्या शेपटाला चाललाय आणि आपण त्याला नवरदेव समजतोय. कॅस्पेज-९ चंही तसंच. ३५ चा बँड तो स्वतःला तोडून बनवतो, पण ३७ चा कॅस्पेज-३ तोडतो. त्यामुळे नुसता ३७ दिसला तर आतला मार्ग सिद्ध होत नाही.

एकाच वेळेचा नमुना घेतला की कोण आधी आणि कोण नंतर हे कळत नाही. २, ४, ६, ८ तासांचे नमुने घ्या. मग झेड-व्हॅड हा सर्व कॅस्पेजेसना अडवणारा पदार्थ आधी देऊन सायटोक्रोम सी पाहा. एटोपोसाइडमध्ये ते तरीही बाहेर येईल, कारण तिथे कॅस्पेज मायटोकॉन्ड्रियाच्या नंतर येतात. फासच्या प्रतिपिंडाने मारलेल्या जुरकॅटमध्ये मात्र येणार नाही, कारण तिथे आधी कॅस्पेज-८ बिड या प्रथिनाला तोडतो आणि तो तुकडा मायटोकॉन्ड्रियावर जातो. पेशी किती मेल्या एवढंच मोजू नका. झेड-व्हॅड असताना पेशी नेक्रॉप्टोसिसने, म्हणजे कॅस्पेजशिवायही मरू शकतात.

उलटी चूकही होते. फासने मरणाऱ्या जुरकॅट पेशी, मायटोकॉन्ड्रियाला भोकं पडू न देणारं बीसीएल-२ हे प्रथिन वाढवल्यावर वाचतात, म्हणून हा आतला मार्ग असं लिहिलं जातं. सुरुवात बाहेरूनच आहे. या ‘टाइप-२’ पेशींत कॅस्पेज-८ थोडाच जागा होतो आणि काम पुरं व्हायला मायटोकॉन्ड्रियाची मदत लागते. एसकेडब्ल्यू६.४ सारख्या टाइप-१ पेशींत बीसीएल-२ वाचवत नाही.

सायटोक्रोम सी पाहताना पेशी गोठवून मग अंश वेगळे करू नका. गोठवण्याने मायटोकॉन्ड्रिया फुटतात आणि उपचार न दिलेल्या नमुन्यातही सायटोक्रोम सी ‘बाहेर’ दिसतं. ताज्या पेशींना कमी डिजिटोनिन द्या आणि सायटोसॉलच्या लेनमध्ये कॉक्स-४ हे मायटोकॉन्ड्रियातच राहणारं प्रथिन तपासा. ते दिसलं तर मायटोकॉन्ड्रिया फुटलेत, तो नमुना फेकून द्या.

एमसीएफ-७ पेशींत कॅस्पेज-३ चा बँड मिळत नसेल, तर प्रतिपिंडाला दोष देऊ नका. त्यांच्यात हे प्रथिनच बनत नाही.