या चुका टाळा : तोंडी परीक्षेत बीएमआरचं सूत्र आठवेना, तेव्हा

आहारशास्त्राच्या तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त घात करतं ते बीएमआरचं, म्हणजे शरीराला पूर्ण विश्रांतीत दिवसभरात लागणाऱ्या ऊर्जेचं, हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र. चार आकडे, तेही दशांशातले, आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळे. गेल्या परीक्षेला मी अंतर्गत परीक्षक म्हणून बसले होते, तेव्हा एका विद्यार्थिनीचं नेमकं इथेच अडलं. ती त्यातून कशी बाहेर आली ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

केस साधी होती. पंचेचाळीस वर्षांची बाई, वजन ५२ किलो, उंची १५५ सेंटिमीटर. हर्नियाच्या ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस, अजून अंथरुणातच. बाहेरून आलेले सर म्हणाले, "हॅरिस-बेनेडिक्टने बीएमआर काढ."

मुलीने कागदावर लिहिलं:

६६.५ + (९.५६३ × वजन) + (१.८५ × उंची) − (४.६७६ × वय)

उत्तर आलं ६४०.

पहिली चूक ही. ६६.५ हा आरंभीचा आकडा पुरुषांच्या सूत्रातला, बाकीचे गुणक स्त्रियांचे. गंमत अशी की तिने सगळंच्या सगळं पुरुषांचं सूत्र लावलं असतं, तर उत्तर १२५३ आलं असतं आणि चूक कुणाला दिसलीही नसती, कारण या बाईसाठी खरं उत्तर १२२९ आहे. अर्धं हे आणि अर्धं ते झालं की मात्र जवळजवळ ५८९ किलोकॅलरींचा खड्डा पडतो.

सरांनी उत्तर चूक म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "किलोमागे किती झाले गं?"

तिने भागाकार केला. बारा. तिचा चेहरा पडला, पण ती गप्प बसली नाही. खूप विद्यार्थी इथे गप्प बसतात, छताकडे बघत आकडा आठवत राहतात, आणि परीक्षकाला कळतच नाही की त्यांना मुळात काय येतं. दुसरी चूक ती. ही म्हणाली, "सर, किलोमागे बारा हे शक्य नाही. स्त्रियांमध्ये किलोमागे ताशी साधारण ०.९ किलोकॅलरी धरतात. चोवीस तासांचे आणि ५२ किलोचे ११२३ होतात. माझा आरंभीचा आकडा चुकलाय."

मग तिने आणखी एक आधार घेतला. मिफ्लिन-सेंट जॉरचं १९९० सालचं सूत्र तिला येत होतं, कारण त्यातले आकडे सुटसुटीत आहेत:

(१० × वजन) + (६.२५ × उंची) − (५ × वय) − १६१

त्याचं उत्तर ११०३. शेवटच्या १६१ च्या जागी पुरुषांसाठी अधिक ५ येतात, बाकी सगळं तेच. म्हणूनच घाईत हे कमी चुकतं.

"दोन्ही अकराशेच्या आसपास आहेत, म्हणजे हॅरिस-बेनेडिक्टमध्येही हजाराच्या वरच यायला हवं," असं म्हणत ती परत कागदाकडे वळली आणि ६६.५ खोडून ६५५.१ लिहिलं. तिने कारणही दिलं, ते मला फार आवडलं: पुरुषांच्या सूत्रात वजनाचा गुणक १३.७५ आणि उंचीचा ५.००३, म्हणजे मोठे. तिथे आरंभीचा आकडा लहान असतो. स्त्रियांचे गुणक लहान, म्हणून आरंभीचा आकडा मोठा. ही जोडी लक्षात राहिली की अदलाबदल होत नाही. १२२९ हे बाकी दोघांपेक्षा थोडं जास्त आहे, आणि तेही अपेक्षितच. १९१९ सालचं हे सूत्र भारतीयांच्या बाबतीत बहुधा चढंच उत्तर देतं.

तिसरी चूक ती करता करता वाचली. बीएमआर मिळाल्यावर मुलं दिसेल तो गुणक लावत सुटतात. अंथरुणातल्या रुग्णासाठी १.२, वर ऑपरेशनचे म्हणून आणखी १.२. तिने ११२३ घेऊन दोन्ही लावले, तर १६१७ आले. मग स्वतःच किलोमागे पाहिलं: एकतीस. अशा रुग्णाला साधारण पंचवीस ते तीस धरतात, म्हणजे १३०० ते १५६०. लहान ऑपरेशन, ताप नाही, म्हणून तिने दुसरा १.२ काढून टाकला आणि १३४८ वर थांबली. कुठल्याही सूत्राच्या उत्तराला वजनाने भागून बघायची ही सवय तिला पाच मिनिटांपूर्वीच्या चुकीने लावली होती.

सरांनी शेवटचं विचारलं, "हिच्या पायांवर सूज असती, तर ५२ धरलं असतंस?"

"नाही सर. सूज यायच्या आधीचं वजन नातेवाइकांना विचारलं असतं, ते धरलं असतं. नाहीतर पाण्याच्या वजनालाही कॅलरी मोजल्या गेल्या असत्या."

सरांनी गुणपत्रिका पुढे ओढली आणि पुढच्या मुलाला आत बोलवायला सांगितलं.