घड्याळाचं मशीन फोटोवरून ओळखताना मागचा फोटो पुरत नाही

भिंतीवरच्या सेलच्या घड्याळाचं मशीन बंद पडलं की आपण मागच्या काळ्या डब्बीचा फोटो काढतो आणि तसंच दिसणारं मागवतो, मी पण तेच केलं होतं, साधारण ५६ मिमीची चौकोनी डब्बी अगदी सारखी होती पण डायलमधून पुढे येणारी, काटे बसवायची दांडी आखूड निघाली आणि पुढून नट बसेचना. कारण बहुतेक डब्ब्या मागून सारख्याच दिसतात, खरा फरक दांडीत असतो.

म्हणून आधी काटे काढा, सेकंदकाटा सरळ वर ओढायचा, मग मिनिटाचा, मग तासाचा, नट सोडून मशीन बाहेर घ्या. आता दांडीचा बाजूने फोटो, शेजारी अगदी चिकटून स्टीलची पट्टी, आणि मोबाईल जरा लांब धरून झूम करा, जवळून काढला की माप तिरकं दिसतं. बघायचं ते आटे असलेल्या भागाचं माप, दांडीची पूर्ण उंची नाही. माझी डायल ३ मिमी जाडीची होती, त्यात वॉशर आणि नट धरले तर आटे निदान ६ मिमी तरी हवेत, पण फार लांब घेऊ नका, काटे काचेला घासतात.

दुसरा फोटो मिनिटकाट्याच्या भोकाचा. भोक दोन बाजूंनी चपटं आहे की पूर्ण गोल, ते दुकानदाराला दाखवा, कारण चपट्या भोकाचा काटा गोल दांडीवर बसत नाही. शंका असेल तर काट्यांसकट मशीन घ्या, फक्त काट्यांची लांबी डायलला बघून.