सरावाच्या भाषणाचा वेग आणि भरीचे शब्द मोजण्याची तयारी

मोजणीला बसण्यापूर्वी ध्वनिमुद्रण मोजण्याजोगे आहे ना, हे पाहावे. भाषण उभे राहून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता केलेले असावे. मध्ये अडखळल्यावर मुद्रण बंद करून पुन्हा सुरू केले असेल, तर नेमके जे मोजायचे तेच हातचे गेलेले असते. वेळ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंतचीच धरावी. फोन ठेवून जागेवर येण्यातले सेकंद त्यात येऊ देऊ नयेत.

त्यानंतर नियम कागदावर लिहून काढावेत, कारण ते आधी ठरलेले नसले की मोजताना आपण नकळत स्वतःला सूट देतो. ‘घरासमोर’ हा एक शब्द आणि ‘घराच्या समोर’ हे दोन, म्हणजेच लेखनात जसे तुटते तसे मोजायचे, हा सर्वांत सोपा नियम. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येतात. त्यामुळे इंग्रजी भाषणांसाठी सांगितले जाणारे मिनिटाला इतके शब्दांचे आकडे मराठीला लावण्यात अर्थ नाही. तुलना करायची ती आपल्याच मागच्या मुद्रणाशी. आकडे अक्षरांत लिहावेत, कारण ‘2024’ ही कागदावर एक खूण असली तरी तोंडातून ‘दोन हजार चोवीस’ असे तीन शब्द जातात. ‘मी, मी’ अशी पुनरुक्ती एकदाच धरायची की दोनदा, हेही आत्ताच ठरवावे. मी ती एकदाच धरतो.

उतारा स्वतः ऐकून, जसे बोलले गेले तसाच लिहावा. बोललेले आपोआप लिहून देणारी साधने कच्च्या मसुद्याला उपयोगी पडतात, पण ‘अं’सारखे उच्चार ती अनेकदा गाळतात आणि वाक्य नीटनेटके करून ठेवतात. म्हणून मसुदा हाती आल्यावर मुद्रण पाऊणपट वेगाने पुन्हा ऐकावे आणि केवळ भरीचे शब्द टिपावेत. प्रत्येक मिनिट संपते तिथे उताऱ्यात नवी ओळ सुरू करावी.

कोणता शब्द भरीचा, याची कसोटी एकच असावी: तो काढून वाक्य म्हणून पाहावे, आणि अर्थ तसूभरही बदलला नाही तर तो भरीचा. ‘अवमूल्यन म्हणजे चलनाची किंमत कमी करणे’ यातला ‘म्हणजे’ काम करतो. ‘आपण म्हणजे पुढच्या मुद्द्याकडे म्हणजे वळू’ यातले दोन्ही बिनकामाचे.

आता एक हिशेब पूर्ण करून पाहू. समजा, भाषण 4 मिनिटे 40 सेकंदांचे झाले, भरीचे शब्द वगळून 574 शब्द निघाले आणि भरीचे 28 आढळले. इथे हमखास होणारी चूक अशी की वेळ 4.40 मिनिटे धरून भागाकार केला जातो आणि वेग 130 येतो. वेळ आधी सेकंदांत करावी, म्हणजे 280, आणि मग 574 × 60 ÷ 280 = 123 हा खरा वेग मिळतो. भरीचे शब्द मिनिटाला 6 आणि दर शंभर शब्दांमागे सुमारे 5 येतात. दोन मुद्रणांची तुलना करताना मला शंभरामागचे प्रमाण अधिक विश्वासाचे वाटते, कारण नुसते सावकाश बोलल्याने मिनिटाचा आकडा खाली येतो, सवय मात्र तशीच असते.

सरासरीवर मात्र थांबू नये. याच भाषणात पहिल्या मिनिटात 146 शब्द, पुढच्या तीन मिनिटांत 118, 112 आणि 116, आणि उरलेल्या 40 सेकंदांत 82 शब्द असतील, तर 123 हा आकडा पहिल्या मिनिटातली घाई पूर्ण झाकून टाकतो. शिवाय अर्ध्या सेकंदाहून मोठे विराम मिळून 52 सेकंद भरले, तर प्रत्यक्ष बोलणे 228 सेकंदांत झाले आणि उच्चारांचा वेग 151 निघाला. श्रोत्याला बोलणे धावते वाटते आणि सरासरी शांत दिसते, तेव्हा हा दुसरा आकडा काढलाच पाहिजे.

भरीच्या प्रत्येक शब्दाखाली रेघ ओढून त्याच्या लगेच पुढे काय आले, ते वाचावे. 11 वेळा आलेल्या ‘तर’पैकी 8 नव्या मुद्द्याच्या तोंडाशी सापडले, तर दोष जिभेचा नसून त्या मुद्द्याचे पहिले वाक्य तयार नव्हते, असे समजावे आणि ती पहिली वाक्ये तेवढी पाठ करावीत. पुढचे मुद्रण त्याच फोनवर, तेवढ्याच अंतरावरून करावे आणि मोजणीला नियमांचा तोच कागद समोर ठेवावा.