एआरटी सुरळीत चालू आहे? मग लस घेताना या चुका टाळा

एचआयव्हीवर नियमित उपचार घेणारे दोन प्रकारे चुकतात. काही जण ‘आपल्याला लस सोसणार नाही’ म्हणून कुठलीच लस घेत नाहीत. काही जण तीन सुया टोचून घेतात आणि काम झालं असं समजतात. पहिली चूक लवकर कळते. दुसरी बरीच वर्षं लपून राहते, म्हणून आधी तिच्याबद्दल, आणि ती सर्वांत जास्त घडते त्या हिपॅटायटिस बीबद्दल.

समजा, ४२ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. सहा वर्षं टीएलडीची गोळी घेतात, व्हायरल लोड सापडत नाही, सीडी४ ५४० आहे. आधी हिपॅटायटिस बीच्या तीन तपासण्या होतात: सध्याचा संसर्ग दाखवणारी एचबीएसएजी, कधीतरी झालेला संसर्ग दाखवणारी अँटी-एचबीसी आणि संरक्षण दाखवणारी अँटी-एचबीएस. तिन्ही निगेटिव्ह आल्या, म्हणजे आजारही नाही आणि संरक्षणही नाही. ते आज एक, महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा असे नेहमीचे तीन डोस घेतात. शेवटच्या डोसनंतर दोन महिन्यांनी अँटी-एचबीएसचा आकडा येतो ४. संरक्षणासाठी किमान १० लागतो.

हे गृहस्थ नशीबवान, कारण त्यांनी आकडा तपासला. एचआयव्ही असणाऱ्या बऱ्याच जणांमध्ये, सीडी४ चांगला असूनही, या लसीचा नेहमीचा कोर्स कमी पडतो. ही तपासणी शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत करायची. दोन-तीन वर्षांनी केली तर आकडा चढून नंतर उतरला की सुरुवातीपासून चढलाच नाही, हे सांगता येत नाही.

आकडा कमी आला की मी आधी एक साधा प्रश्न विचारतो: सुई कुठे टोचली? ही लस दंडाच्या वरच्या स्नायूतच द्यायची असते. ‘कमरेत द्या, हात दुखतो’ असा आग्रह धरणारे पेशंट आहेत आणि तो मानणारेही आहेत. कमरेखाली चरबीचा थर जाड असतो, औषध स्नायूपर्यंत पोचत नाही आणि प्रतिसाद घटतो. दुसरा प्रश्न साठवणुकीचा. ही लस गोठली की निकामी होते, त्यामुळे बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली कुपी घ्यायची नाही.

आपल्या गृहस्थांच्या बाबतीत दोन्ही ठीक होतं. मग पुढचा मार्ग दुप्पट डोसचा. प्रत्येक वेळी २० ऐवजी ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे बहुधा दोन कुप्या, आज, एक महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहाव्या महिन्यात. त्यानंतर पुन्हा आकडा. बहुतेक जणांचा या वेळी चढतो. काही डॉक्टर पहिल्यापासूनच दुप्पट डोस देतात, आणि मला ते पटतं.

इथे एक गंमतशीर गफलत होते. लस घेतल्यावर आठवड्याभरात कुणी दुसऱ्या कारणासाठी एचबीएसएजी तपासली तर ती पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण लसीत तोच पदार्थ असतो. ते सहसा दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकत नाही. म्हणून तपासणीचं रक्त डोसच्या आधी द्यावं.

‘टीएलडीमध्ये टेनोफोव्हिर आणि लॅमिवुडिन आहेत, ती काविळीच्या या विषाणूवरही चालतात, मग लस कशाला?’ असाही प्रश्न येतो. औषधं चालतात हे खरं. पण गोळी बदलते. मूत्रपिंडाच्या तक्रारीमुळे टेनोफोव्हिर काढावं लागलं की त्या आधाराचा मोठा भाग गेला. लसीचं संरक्षण गोळीवर अवलंबून नसतं. उलट ज्यांची एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहे त्यांना लसीचा उपयोग नाही. त्यांनी ही औषधं डॉक्टरांना न विचारता कधीच थांबवू नयेत, कारण यकृताचा आजार अचानक उसळू शकतो.

आता पहिल्या चुकीकडे, भीतीकडे. लस ‘मेलेली’ आहे की ‘जिवंत’, एवढंच पाहायचं. फ्लूची सुई, न्यूमोनियाची, धनुर्वाताची, हिपॅटायटिसची, एचपीव्हीची, टायफॉइडची सुई या सगळ्यांत जिवंत जंतू नसतो. त्यांना सीडी४ ची अट नाही, ‘५०० झाला की घेऊ’ म्हणत बसायचं कारण नाही. कुत्रा चावल्यावरची लसही याच गटातली, ती तर त्याच दिवशी सुरू करायची. दवाखान्यात या लसीला ‘एआरव्ही’ म्हणतात आणि एचआयव्हीच्या औषधांनाही, त्यामुळे केसपेपरवर पूर्ण नाव लिहून घ्या.

जिवंत लसींमध्ये नाकात सोडायची फ्लूची लस आणि तोंडाने घ्यायची टायफॉइडची लस टाळायची. दोन्हींना सुईचा पर्याय आहे, त्यामुळे धोका पत्करण्यात अर्थ नाही. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची लस मात्र जिवंत असूनही चालते. अट अशी की सीडी४ किमान सहा महिने २०० च्या वर असावा आणि त्या आजारांविरुद्ध आधीचं संरक्षण नसावं. फसगत इथेच होते. व्हायरल लोड दबलेला राहिला की सीडी४ वारंवार तपासत नाहीत, आणि पेशंट खिशातून चार वर्षांपूर्वीचा कागद काढतो. जिवंत लसीसाठी ताजा रिपोर्ट हवा.

बीसीजी या टीबीच्या जिवंत लसीबद्दल वेगळं सांगायला हवं. २०२४ मध्ये क्षयरोग कार्यक्रमात महाराष्ट्रासह अनेक राज्यांत प्रौढांना बीसीजी देण्याची मोहीम झाली. घरी टीबीचा रुग्ण, मधुमेह किंवा वय जास्त असेल तर आशाताई नाव घेऊन जायच्या. अशा वेळी एचआयव्ही लपवून रांगेत उभं राहू नका. मोहिमेच्या निकषांत एचआयव्ही असणाऱ्यांना वगळलेलं होतं. घरात सांगायचं नसेल तर ‘मला डॉक्टरांनी मनाई केली आहे’ एवढं पुरे. टीबी टाळण्यासाठी तुमचा मार्ग म्हणजे एआरटी केंद्रात मिळणारा प्रतिबंधक गोळ्यांचा कोर्स.

न्यूमोनियाच्या लसीत चूक क्रमाची. दुकानात मिळाली म्हणून २३ प्रकारांची पॉलिसॅकराइड लस आधी टोचली, तर कॉन्जुगेट लसीसाठी निदान वर्षभर थांबावं लागतं. उलट क्रमात, म्हणजे १३ किंवा १५ प्रकारांची कॉन्जुगेट लस आधी घेतली, तर २३ ची आठ आठवड्यांनी घेता येते. २० प्रकारांची कॉन्जुगेट मिळाली तर ती एकटीच पुरते.

फ्लूची सुई दरवर्षी घ्यायची, कारण विषाणू बदलतो. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, तेव्हा मे-जूनमध्ये घेतलेली बरी. लसीनंतर लगेच व्हायरल लोड तपासला आणि ‘सापडत नाही’ ऐवजी ६० वगैरे आकडा आला तर घाबरून औषध बदलायला धावू नका. लसीने प्रतिकारशक्ती चाळवली जाते आणि थोडी, तात्पुरती वाढ दिसू शकते. वार्षिक तपासणी जवळ असेल तर आधी रक्त द्या आणि मग सुई घ्या. लस होऊन गेली असेल तर चार आठवडे जाऊ द्या, आणि तेव्हाही आकडा वर राहिला तर गोळ्या चुकल्या का, हे आधी बघा.