यथाशक्ती शुल्काचं व्याख्यान: खुर्च्या किती, उपमा किती?

'यथाशक्ती शुल्क' म्हटलं की आयोजक जमलेल्या पैशांवरून माणसं मोजायला लागतात. तिथंच गणित फसतं. पैशांचा आणि माणसांचा हिशोब फॉर्म बनवतानाच वेगळा करा.

समजा, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मंडळानं मधुमेहावर डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलंय. विडी वळणाऱ्या बाया येणार, यंत्रमागावरचे कामगार येणार, पेन्शनरही येणार. फॉर्ममध्ये पहिला प्रश्न 'किती जण येणार?' हाच असू द्या. रक्कम नंतर विचारा, कारण एकजण चौघांचे मिळून पाचशे पाठवतो आणि यादीत नाव मात्र त्याचं एकट्याचंच दिसतं. क्यूआरवर तर पैसे पुष्कळदा मुलाच्या नावानं येतात. म्हणून पैसे पाठवताना टिपणीत फॉर्मवरचं नाव लिहायला सांगा.

रकमेचे पर्याय ०, ५०, १००, २०० आणि 'इतर' असे एकाच ओळीत ठेवा. 'मला परवडत नाही' असा वेगळा चौकोन नको. तो भरण्यापेक्षा माणूस घरीच बसतो. दारात टेबल मांडून पैसे मागणंही त्याच जातीचं. पेटी ठेवायचीच तर बाहेर पडायच्या वाटेवर ठेवा. सोबत माणशी येणारा खरा खर्च लिहा, म्हणजे ज्याला जमतं त्याला अंदाज येतो.

आता आकडे घेऊ. १८० जणांची नोंदणी झाली. त्यांपैकी ६० जणांनी शून्य, ७० जणांनी ५०, ३५ जणांनी १००, १२ जणांनी २०० आणि तिघांनी ५०० रुपये निवडले. एकूण जमा १०,९०० रुपये.

यातले येणार किती? शून्यवाल्यांचा आणि पैसे भरलेल्यांचा अंदाज वेगवेगळा बांधा. पैसे भरले की माणूस सहसा यायचं बघतो. फुकटच्या नोंदणीत 'बघू, जमलं तर' असतं. मागची नोंद हाताशी नसेल तर सुरुवातीला शून्यवाल्यांतले निम्मे आणि भरलेल्यांतले ऐंशी टक्के धरा. हा केवळ अंदाज आहे, हे विसरू नका. ३० आणि ९६ मिळून १२६ झाले. नोंदणी न करता शेजाऱ्यासोबत येणारे आणखी १२ धरले की १३८.

पण एका आकड्यावर ऑर्डर देऊ नका. वाईट संध्याकाळ धरा: शून्यवाल्यांतले चाळीस टक्के, भरलेल्यांतले सत्तर टक्के आणि आयत्या वेळचं कुणीच नाही. मग १०८ होतात. चांगली संध्याकाळ म्हणजे सत्तर आणि नव्वद टक्के, वर ते १२. मग १६२ भरतात. खुर्च्या जास्तीच्या आकड्यावर सांगा आणि गरम पदार्थ कमीच्या आकड्यावर. सभागृहात १५० खुर्च्या असतील तर मंडपवाल्याकडून १५ जास्तीच्या आणून कोपऱ्यात रचून ठेवा. उपमा ११० जणांचा सांगा. मधली ५० माणसं कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीवर भागवा. सोलापुरात हे सांगायला नको, पण भाकरी उरली तरी खराब होत नाही. उरलेल्या उपम्याचं काय करणार? चहा दोन खेपांत करा आणि बिनसाखरेची किटली वेगळी ठेवा. मधुमेहाच्या व्याख्यानाला शेंगाचे लाडू वाटले तर डॉक्टरच हसतील.

पैशांकडे वळू. सभागृह, माईक आणि वक्त्यांचा प्रवास यांचे ६,५०० रुपये माणसं कितीही आली तरी लागणारच. खाण्याचे माणशी २५ धरले तर १३८ जणांचे ३,४५० होतात. एकूण ९,९५०, म्हणजे माणशी साधारण ७२ रुपये. जमा १०,९०० आहे, म्हणजे ९५० शिल्लक. मात्र पाचशेवाल्या तिघांचे १,५०० बाजूला काढा: शिल्लक जाऊन ५५० रुपयांची तूट दिसते. जमेची सरासरी नोंदणी केलेल्या १८० जणांत माणशी ६० च्या वर निघते, तरी ती या तिघांनी फुगवलेली आहे. त्यामुळे पुढच्या वेळी मोठ्या रकमा गृहीत न धरता हिशोब मांडा आणि ठरलेला खर्च मंडळाच्या वर्गणीतून किंवा एखाद्या देणगीदाराकडून आधीच उचला. तसं झालं की शून्य भरणाऱ्याचा भार ७२ चा नसून फक्त २५ चा राहतो. त्याला 'नाही' म्हणायचं कारणच उरत नाही.

आदल्या दिवशी सकाळी सगळ्यांना निरोप पाठवा: 'उद्या येणार नसाल तर फक्त नाही लिहा.' दुपारपर्यंत नकार मोजा, आकडे पुन्हा मांडा आणि मगच आचाऱ्याला शेवटचा आकडा सांगा. त्याला किती तास आधी सांगावं लागतं, हे आठवडाभर आधीच विचारून घ्या. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत व्याख्यान ठेवू नका. तेव्हा कुठलाच अंदाज टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये वेळ साडेसहाची घ्या आणि चहाऐवजी मठ्ठा सांगा.

दारात दोघं उभे करा. एकानं यादीतल्या नावापुढं खूण करायची, दुसऱ्यानं यादीबाहेरची माणसं मोजायची. रकमेचा गट त्या कागदावर नको, तो घरी जुळवा. शून्यवाल्यांतले प्रत्यक्ष किती आले आणि भरलेल्यांतले किती, हे दोन आकडे वहीत लिहून ठेवले की पुढच्या व्याख्यानाला निम्मे आणि ऐंशी टक्के धरायची गरज राहणार नाही.